सहा विषय, सहा वार

इंदूरला भाचीच्या दहावीच्या वेळी आम्ही वार वाटून घेतले: सोमवार ते शनिवार रोज एका विषयाचा एकच नवा धडा. विज्ञानातला ‘प्रकाश’ १ जानेवारीला झाला की लगेच कॅलेंडरवर ३, ८ आणि २२ तारखेच्या चौकोनातही उजळणीसाठी ‘प्रकाश’ लिहायचं. म्हणजे तीन आठवड्यांनी रोज एक नवा धडा आणि साधारण तीन उजळण्या. दोन नवे घेतले तर उजळण्या सहा, आणि वेळापत्रक तिथेच कोलमडतं. उजळणी पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर. भिंगाची किरणाकृती अडली, तर तो धडा पुन्हा दोन दिवसांनी. गणिताची चार उदाहरणं मात्र रोजच. रविवारी राहिलेलं उरकायचं. परीक्षेआधी तीन आठवडे नवा धडा बंद, नाहीतर शेवटची फेरी हुकते.