रोजच्या पाव तासात कविता लिहिणाऱ्यांनी या चुका टाळा

इंदूरला आमच्या महिन्याच्या काव्यबैठकीत येणारे बहुतेक लोक नोकरी करून, मुलांचे डबे भरून आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची औषधपाण्याची वेळ सांभाळून लिहिणारे आहेत. त्यांच्याकडे दिवसाला पाव तास असतो आणि तो पुरेसा आहे, असे माझे ठाम मत आहे. सवय मोडते ती वेळ कमी म्हणून नव्हे, तर त्या वेळात चुकीचे काम केल्याने, आणि चुका वर्षानुवर्षे त्याच असतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे रोज नवी कविता सुरू करणे. कोरे पान समोर घेतले की विषय शोधण्यात, सूर लागण्यात आणि पहिली ओळ जमवण्यातच पाव तास संपतो. दुसऱ्या दिवशी कालची ओळ फिकी वाटते, म्हणून पुन्हा कोरे पान येते. बँकेत काम करणाऱ्या एक बाई बैठकीत येत असत. रात्री साडेदहानंतर, घर झोपल्यावर, त्या मोबाईलवर लिहीत. एकदा त्यांनी ते सगळे मला दाखवले आणि म्हणाल्या, "काका, सुरुवातीच सुरुवाती आहेत, पुरी झालेली कविता एकही नाही. माझ्यात ते नसेलच." पाहिले तर ओळी चांगल्या होत्या, काही तर फारच चांगल्या; पण कोणत्याही ओळीला दुसरा दिवस मिळालेला नव्हता.

मी त्यांना दोन गोष्टी बदलायला लावल्या. रात्रीची वेळ सोडून सकाळी डबे भरून झाल्यावर आणि घराबाहेर पडण्यापूर्वी बसायचे, आणि सोमवार ते रविवार एकाच कडव्याला हात लावायचा. छंद मीच सुचवला, अष्टाक्षरी : प्रत्येक ओळीत आठ अक्षरे आणि दुसऱ्या-चौथ्या ओळीचे यमक. यात लघु-गुरू पाहावे लागत नाहीत आणि जोडाक्षर एकच मोजतात, म्हणून "सुस्कारा" तीन अक्षरांचा. बोटांवर मोजता येते, त्यामुळे काल काम कुठे थांबले होते हे पान उघडताच कळते.

तो आठवडा कसा गेला ते तपशिलाने सांगतो. इंदुरात नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, आणि पाण्याच्या आधी नळातून हवा सुटते. सोमवारी त्यांनी साध्या गद्यात एवढेच टिपले की, हवेच्या त्या आवाजाने आई उठते. मंगळवारी पहिली ओळ झाली, "नळ सुस्कारा टाकतो", बरोबर आठ अक्षरे. बुधवारी त्यांनी "आई त्या आवाजाने उठते" लिहिले आणि दहा अक्षरे भरली. "त्या" काढला तरी नऊ उरली. "आवाजाने आई उठे" केले तर मोजणी जुळली, पण ओळ निर्जीव झाली आणि "उठे" हे क्रियापद केवळ अक्षर वाचवण्यासाठी आले, हे कानाला कळत होते. अशा वेळी अक्षरे छाटत बसण्यापेक्षा आपल्याला नेमके काय म्हणायचे आहे ते पुन्हा विचारावे. आई आवाजाने उठते हे खरे होते का? त्या म्हणाल्या, "नाही हो, ती तर त्याच्याही आधी जागी असते." तिथे ओळ मिळाली : "पाण्याआधी आई जागी".

गुरुवार अख्खा "जागी"चे यमक शोधण्यात गेला आणि काहीच हाती लागले नाही. "लागी", "मागी" असे जे सुचले, ते आजच्या बोलण्यातले नव्हते. यमक अडले की नवखे लोक चौथी ओळ वाकवतात; मी दुसऱ्या ओळीचा शेवट बदलायला सांगतो. शुक्रवारी शब्द तेच ठेवून क्रम फिरवला, "आई जागी पाण्याआधी", आणि "आधी"साठी "कधी" लगेच सापडला. शनिवारी तिसरी ओळ भरली आणि रविवारी त्यांनी हे कडवे मोठ्याने वाचले :

नळ सुस्कारा टाकतो,
आई जागी पाण्याआधी,
भरे घागर घागर,
झोप पुरी झाली कधी?

आठवड्यात चार ओळी कमी वाटतील. परंतु याच वेगाने महिन्याला चार कडव्यांची एक कविता पुरी होते, आणि मागच्या सगळ्या महिन्यांत त्यांची एकही झाली नव्हती. गुरुवारचा दिवस वाया गेला असेही मी मानत नाही. "जागी"ने दार लावून घेतले नसते तर क्रम फिरवायचे सुचलेच नसते.

याच चुकीचा दुसरा भाग म्हणजे बैठक संपवताना ओळ पूर्ण करण्याचा अट्टाहास. वेळ संपत आली की उद्याच्या ओळीचे दोन-तीन शब्द अर्धवट लिहून उठावे आणि खाली एका वाक्यात नोंद करावी : "यमक 'आधी'चे, दृश्य घागरीचे." दुसऱ्या दिवशी पहिली पाच मिनिटे आठवण्यात जात नाहीत. ही नोंद वहीतच हवी. मोबाईलवर लिहिले की कापलेली ओळ नाहीशी होते, आणि "पाण्याआधी आई जागी" सारखी कापलेली ओळच पुढे उपयोगी पडते. मी वहीच्या डाव्या पानावर काटछाट आणि उजव्या पानावर त्या दिवसापुरती स्वच्छ प्रत ठेवतो.

अष्टाक्षरी कंटाळवाणी झाली तर मोठा अभंग घ्यावा : सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण, दुसऱ्या-तिसऱ्याचे यमक. भुजंगप्रयातासारखी गणवृत्ते मात्र पाव तासात सुरू करू नयेत. बारा अक्षरांचे ठरलेले लघु-गुरू सांभाळताना घाईतला माणूस "तो", "हा", "रे" यांनी जागा भरू लागतो, आणि एकदा ती खोड लागली की सुटत नाही. मुक्तछंद सोपा म्हणून निवडणाऱ्यांबद्दल मला अधिक काळजी वाटते. त्यात लय स्वतःच घडवावी लागते आणि आजचे काम कुठे संपले हे ओळ सांगत नाही; थोड्या वेळात लिहिणाऱ्याला हा छंद सर्वांत अवघड आहे.

उरलेल्या चुका थोडक्यात. रात्रीचा पाव तास टाळा. त्या वेळी माणूस कालची ओळ पुढे नेत नाही, फक्त खोडतो. घड्याळाची वेळ ठरवू नका, रोज होणाऱ्या कामाला बैठक जोडा, कारण पाहुणे आले की वेळ हलते, डबे हलत नाहीत. दिवसभर ऑफिसात हिंदीत बोलल्यावर ओळीत हिंदी शब्द आला, तर त्यावर खूण करून पुढे जा. शब्द बदलणे रविवारचे काम. चुकलेला दिवस भरून काढायला दुसऱ्या दिवशी दुप्पट बसू नका. यमकांच्या तयार याद्या जवळ ठेवू नका.

आणि कडवे झाल्याच्या दिवशी ते व्हॉट्सॲपवर पाठवू नका. ही घाई मी फार पाहिली आहे. चार "वा, सुंदर" आले की त्या ओळींना पुन्हा हात लावायचे धैर्य राहत नाही आणि पुढचे कडवे त्या दादेसाठी लिहिले जाते. पुढच्या रविवारी तेच कडवे मोठ्याने वाचावे. जिथे जीभ अडखळते तिथे पेन्सिलीने रेघ मारावी आणि सोमवारी त्या रेघेपासून काम सुरू करावे. एकही रेघ पडली नाही, तरच ते कुणाला पाठवावे.