म्युच्युअल फंडातला एक्स्पेन्स रेशो: तुमच्या फंडात किती कापला जातो, हे कसे पाहावे

एक्स्पेन्स रेशो म्हणजे फंड चालवण्याचा वार्षिक खर्च, तुमच्या रकमेच्या टक्क्यांत. त्याची पावती येत नाही आणि बँक खात्यातूनही तो वजा होताना दिसत नाही. वार्षिक टक्का ३६५ दिवसांत वाटून फंड तो रोज स्वतःच्या मालमत्तेतून काढून घेतो आणि उरलेल्या रकमेवर एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, जाहीर करतो. पाच लाखांवर १.८ टक्के म्हणजे दिवसाला साधारण २५ रुपये. बाजार पडला, तुम्हाला तोटा झाला, तरी हे पैसे जातातच, कारण आकारणी नफ्यावर नसून पूर्ण रकमेवर असते.

आधी फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॅम्स किंवा केफिनटेक या कंपन्यांच्या संकेतस्थळावर पॅन आणि ईमेल देऊन आपले एकत्रित स्टेटमेंट मागवा. त्यात योजनेच्या नावापुढे ‘रेग्युलर’ आहे की ‘डायरेक्ट’, ते वाचा. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंड हाउसला थेट गुंतवणुकीसाठी डायरेक्ट प्लॅन द्यावा लागतो. पोर्टफोलिओ तोच, मॅनेजरही तोच. रेग्युलरमध्ये वितरकाचे कमिशन जास्तीचे. आता फंड हाउसच्या संकेतस्थळावर दोन्ही प्लॅनचे एकाच तारखेचे रेशो पाहा. डायरेक्टची एनएव्ही जास्त दिसेल. ती महाग म्हणून नव्हे, तर कापणी कमी झाल्यामुळे.

समजा, दादरच्या एका शिक्षिकेने पाच लाख रुपये वीस वर्षांसाठी ठेवले आणि खर्चाआधीचा परतावा वर्षाला १२ टक्के धरला. डायरेक्टचा रेशो ०.८ असेल, तर हाती ११.२ टक्के उरतात आणि शेवटी सुमारे ४१.८ लाख होतात. रेग्युलरचा १.८ असेल, तर १०.२ टक्क्यांनी सुमारे ३४.९ लाख. फरक जवळपास सात लाखांचा. पहिल्या वर्षी तो एक टक्का पाच हजारांच्या आसपास असतो, म्हणून कोणी लक्ष देत नाही. रक्कम वाढते तशी कापणीही वाढते, आणि कापलेल्या पैशांवर पुढे मिळाले असते ते व्याजावरचे व्याजही हातचे जाते.

हा हिशेब करताना एक चूक हमखास होते. फंडाचे छापलेले मागचे परतावे खर्च वजा करूनच दिलेले असतात. त्यातून रेशो पुन्हा वजा करू नका.

बदल करायचा ठरला, तर नवी एसआयपी डायरेक्टमध्ये सुरू करून जुनी थांबवा. जुने युनिट मात्र घाईने हलवू नका. त्याच योजनेत रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाणे हीसुद्धा कायद्याने विक्रीच. वर्षाच्या आतल्या युनिटवर एक्झिट लोड, म्हणजे लवकर बाहेर पडल्याचा आकार, लागू शकतो आणि इक्विटी फंडात २० टक्के कर पडतो. वर्षभराहून जुन्या युनिटवर, आर्थिक वर्षातला १.२५ लाखांपर्यंतचा नफा सोडून, १२.५ टक्के. त्यामुळे नफा मोठा असेल तर दोन-तीन आर्थिक वर्षांत थोडे थोडे हलवलेले बरे.

तुमचा वितरक बाजार कोसळला की फोन करून तुम्हाला थांबवून धरत असेल, वारसनोंदीपासून कागदपत्रांपर्यंत सगळे बघत असेल, तर तो टक्का मी वाया गेला म्हणणार नाही. फक्त तो रुपयांत किती होतो, हे त्यालाच विचारा. स्टेटमेंटमध्ये कमिशनचा आकडाही सहामाहीला छापून येतो.