डिफ्यूजनवर पांढरं दिसलं की ताजा इन्फार्क्ट? मेंदूचा एमआरआय वाचताना या चुका टाळा

रात्रीच्या ड्युटीवरच्या रेसिडेंटचा फोन येतो. "मॅडम, अ‍ॅक्यूट इन्फार्क्ट आहे. डिफ्यूजनवर मस्त पांढरं दिसतंय." मी दरवेळी एकच प्रश्न विचारते, "आणि एडीसीवर?" पुढचे काही सेकंद फक्त माउसचे आवाज ऐकू येतात. म्हणजे एडीसी उघडलेलाच नाही. गेली कित्येक वर्षं ही एकच चूक मी पुन्हा पुन्हा दुरुस्त करते आहे, म्हणून आज ती सविस्तर लिहिते.

आधी थोडं मागचं. रक्तपुरवठा तुटला की काही मिनिटांतच पेशींचे पंप बंद पडतात, बाहेरचं पाणी पेशीत शिरतं आणि तिथे अडकतं. पाण्याच्या रेणूंची हालचाल मंदावते. मशीन एकाच जागेचं चित्र दोनदा घेतं. एक b0, ज्यात हालचालीचा परिणाम धरलेला नसतो आणि जे जवळजवळ टी-टू चित्रासारखंच दिसतं. दुसरं b1000, ज्यात पाणी जितकं मोकळेपणी हलतं तितका सिग्नल कमी होतो. आपण ज्याला 'डिफ्यूजन' म्हणतो ते हे दुसरं चित्र. त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: पाणी किती हलतं, आणि ती जागा टी-टूवर मुळातच किती पांढरी आहे. एडीसी हा या दोन चित्रांवरून काढलेला हिशेब आहे, आणि त्यातून टी-टूचा वाटा निघून जातो.

```
ADC = ln(S0 / S1000) / 1000
```

आकडे घालून पाहा. निरोगी भागाचा b0 वरचा सिग्नल 300 आणि एडीसी 0.8 धरला (एकक 10⁻³ mm²/s, पुढेही तेच), तर b1000 वर सिग्नल उरतो 135. ताज्या इन्फार्क्टमध्ये b0 जेमतेम वाढलेला, समजा 330, पण एडीसी 0.45 पर्यंत उतरलेला. b1000 वर 210. आता दोन महिने जुनी जखम घ्या. एडीसी वाढून 1.1 झालाय, म्हणजे पाणी उलट जास्त मोकळं हलतंय, पण टी-टू इतका वाढलाय की b0 वरच 600 आहे. b1000 वर उरतात 200. 210 आणि 200. नुसत्या डोळ्यांना या दोन डागांत काहीच फरक कळणार नाही. यालाच टी-टू शाइन थ्रू म्हणतात. परीक्षेत त्याची व्याख्या सगळे घडाघडा सांगतात, आणि रात्री दोन वाजता सगळेच त्यात अडकतात.

पहिली आणि सगळ्यात महागडी चूक: एक पांढरा डाग सापडला की थांबणं

साठी ओलांडलेले एक गृहस्थ. सकाळी उठल्यापासून उजव्या हाताची बोटं हलत नव्हती, चहाचा कप धरता येत नव्हता. चेहरा ठीक, पाय ठीक. दीड-दोन महिन्यांपूर्वी डाव्या बाजूला अशक्तपणा येऊन गेला होता, तो बराचसा सुधारला होता. एमआरआय झाला. उजव्या कोरोना रेडिएटामध्ये डिफ्यूजनवर ठळक पांढरा पट्टा दिसला. रेसिडेंटने लिहिलं, "अ‍ॅक्यूट इन्फार्क्ट, उजवा कोरोना रेडिएटा," आणि पुढच्या केसकडे वळला.

उजवा हात गेलेला आणि इन्फार्क्टही उजवीकडे. हे जुळत नाही, एवढं तरी खटकायला हवं होतं. पण त्याने रिक्विझिशनवरची हिस्ट्री वाचलीच नव्हती. मी एडीसी उघडला. तो पट्टा तिथे आजूबाजूच्या भागापेक्षा उजळ होता. आत छोटं वर्तुळ ठेवून मोजलं तर 1.15, आणि डावीकडे बरोबर त्याच जागी 0.78. b0 वर तो पट्टा लख्ख पांढरा. हा तर आधीचा, डाव्या बाजूच्या अशक्तपणाचा इन्फार्क्ट.

मग उजव्या हाताचं काय? डावीकडच्या प्रीसेंट्रल गायरसमध्ये एक वळण असतं, आडव्या चित्रात ते उलट्या ओमेगासारखं दिसतं. हाताच्या हालचालीची जागा ती. तिथल्या कॉर्टेक्समध्ये सहा-सात मिलिमीटरचा ठिपका होता. डिफ्यूजनवर तो थोडासाच पांढरा, कारण कॉर्टेक्स तसाही किंचित उजळ दिसतो आणि रेसिडेंटने विंडो त्या मोठ्या पट्ट्याला शोभेल अशी लावली होती. एडीसीवर मात्र तोच ठिपका काळा, मोजला तर 0.5 च्या आसपास. ताजा इन्फार्क्ट हा होता.

"मॅडम, इन्फार्क्ट आहे हे तरी मी बरोबर सांगितलं होतं," असं तो म्हणाला. ते ऐकून मला खरंच वाईट वाटलं, कारण फरक फक्त जागेचा नव्हता. खोल भागातला छोटा इन्फार्क्ट म्हटलं की फिजिशियन बीपी-शुगरकडे पाहतो, लहान रक्तवाहिनीचा आजार धरतो. कॉर्टेक्समधला ठिपका म्हटलं की गुठळी कुठून तरी वाहत आली असावी, म्हणून मानेच्या रक्तवाहिन्या आणि हृदय तपासायचं. होल्टर लावला, एट्रियल फिब्रिलेशन सापडलं, आणि अ‍ॅस्पिरिनच्या जागी रक्त पातळ करणारं वेगळं औषध आलं. पहिल्या रिपोर्टवर ते घरी गेले असते तर हे कोणी शोधलंच नसतं.

तेव्हापासून माझी सवय पक्की आहे. आधी हिस्ट्री: कोणती बाजू, कधीपासून. मग एडीसी, वरपासून खालपर्यंत, काळं काय आहे ते शोधत. डिफ्यूजन त्यानंतर, आणि प्रत्येक संशयाच्या जागी b0. पुष्कळ जण डिफ्यूजनपासून सुरुवात करतात, त्यात चूक नाही. पण माझ्या हाताखाली शिकणाऱ्यांना मी एडीसीपासूनच सुरुवात करायला लावते, कारण घाईत असलेला माणूस पांढऱ्या डागावर थांबतोच थांबतो.

दुसरी चूक: एडीसी काळा नाही म्हणून "जुना" लिहिणं

शाइन थ्रू शिकवला की पुढच्याच आठवड्यात ही चूक सुरू होते. डिफ्यूजन पांढरं, एडीसी आजूबाजूसारखाच राखाडी, म्हणून रिपोर्टमध्ये "क्रॉनिक". पण एडीसी उतरल्यावर कायम खाली राहत नाही. पहिल्या काही दिवसांत तो सगळ्यात कमी असतो, मग हळूहळू वर येतो. साधारण आठवडाभरापासून पुढे, बहुतेकदा सातव्या ते पंधराव्या दिवसाच्या दरम्यान, तो निरोगी भागाच्या पातळीवरून जातो आणि पुढे त्याच्याही वर चढतो. वर चढताना मधे जो सारखा दिसतो, त्याला स्यूडोनॉर्मलायझेशन म्हणतात. त्या दिवसांत फक्त एडीसी पाहिला तर इन्फार्क्ट नाहीच असं वाटू शकतं. b0 आणि फ्लेअरवर तो ठळक असतो आणि त्यामुळे डिफ्यूजनवरही पांढरा दिसतो.

एका बाईंचं असंच झालं. नातेवाईक म्हणत होते चार दिवसांपासून बोलणं अडखळतंय. डाव्या टेम्पोरल भागात डिफ्यूजन पांढरं, एडीसी 0.79, उजवीकडे त्याच जागी 0.77. चार दिवसांचा इन्फार्क्ट असता तर एडीसी बराच खाली असायला हवा होता. मी बाहेर जाऊन सुनेला विचारलं, "तारीख राहू दे, पहिल्यांदा बोलणं बिघडलं त्या दिवशी घरात काय चाललं होतं?" ती म्हणाली, मागच्याच्या मागच्या बाजाराच्या दिवशी सासूबाईंना भाजीवाल्याला भाव विचारता येईना, शब्दच सापडेनात. चार दिवस म्हणजे गावातल्या डॉक्टरांकडे नेल्यापासूनचे. बाजारावरून मोजलं तर अकरा दिवस झाले होते.

अशा वेळी मी तीन गोष्टी पाहते. त्या भागाला थोडी तरी सूज आहे का, की उलट तो आकसून शेजारचा व्हेंट्रिकल ओढला गेलाय. सल्काय दबलेले आहेत की रुंदावलेले. आणि कॉन्ट्रास्ट दिलं असेल तर गायरसच्या कडेने ते घेतलं गेलंय का. खऱ्या जुन्या इन्फार्क्टमध्ये मेंदू झिजलेला असतो आणि एडीसी निरोगी भागापेक्षा बराच वर, पोकळी झाली असेल तर मेंदूतल्या पाण्याच्या, म्हणजे 3 च्या दिशेने सरकलेला. या बाईंच्या मेंदूत झीज नव्हती आणि सल्काय अजून थोडे दबलेले होते. रिपोर्टमध्ये मी "सबअ‍ॅक्यूट, साधारण एक ते दोन आठवडे" लिहिलं. एडीसीवरून नेमका दिवस सांगू पाहणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. रक्तप्रवाह परत सुरू झाला असेल तर एडीसी दोन-एक दिवसांतही वर येऊ शकतो, त्यामुळे गुठळी विरघळवल्यानंतरच्या स्कॅनवर हे वेळापत्रक लावूच नका.

बाकीच्या चुका, थोडक्यात

वर्तुळ मोठं ठेवून मोजणं. शेजारचं पाणी आत आलं की आकडा फुगतो आणि ताजा इन्फार्क्ट जुना होऊन बसतो. वर्तुळ जखमेच्या आतच ठेवा, आणि समोरच्या बाजूला त्याच जागी तेवढंच दुसरं ठेवा. एकट्या आकड्यावर मी काहीच ठरवत नाही.

कानाजवळच्या हाडाशी आणि सायनसजवळ दिसणारा पांढरेपणा इन्फार्क्ट म्हणून लिहिणं. हवा आणि हाड जिथे भेटतात तिथे हे चित्र वाकतं. दोन्ही बाजूंना सारखं आणि हाडाला चिकटून असेल तर आधी फ्लेअरवर पाहा.

एडीसी काळा म्हणजे इन्फार्क्टच, असं धरून चालणं. गळूतला घट्ट पू, लिम्फोमा, नुकतेच येऊन गेलेले फिट्स, शुगर खूप उतरणं, या सगळ्यांत तो काळा होतो. रक्तस्रावात तर आकड्यावर भरवसाच ठेवू नका, आधी ग्रेडिअंट किंवा एसडब्ल्यूआय उघडा. रक्तवाहिनीच्या हद्दीत न बसणारा काळेपणा दिसला की मी रिपोर्ट थांबवते आणि फोन करते.

फ्लेअर न पाहणं. डिफ्यूजन पांढरं, एडीसी काळा आणि फ्लेअरवर त्या जागी काहीच नाही, असं असेल तर सुरुवात बहुधा साडेचार तासांच्या आतली आहे. झोपेतून उठल्यावर लक्षणं दिसलेल्या पेशंटसाठी 2018 च्या वेक-अप अभ्यासात याच फरकावरून गुठळी विरघळवण्याचं औषध दिलं गेलं. म्हणून असा पेशंट आला की फ्लेअर पाहिल्याशिवाय रिपोर्ट पाठवू नका.

आणि शेवटची, डिफ्यूजन स्वच्छ म्हणजे इन्फार्क्ट नाही असं लिहून टाकणं. ब्रेनस्टेममधला छोटा इन्फार्क्ट पहिल्या चोवीस तासांत डिफ्यूजनवर न दिसणं मी अनेकदा पाहिलंय. चक्कर, गिळताना ठसका, एका बाजूचा चेहरा बधिर आणि दुसऱ्या बाजूचं अंग बधिर, अशी तक्रार असेल तर मी मेड्युला पातळ स्लाइसने आणि कोरोनल दिशेनेही घ्यायला सांगते. तरी काही दिसलं नाही तर रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिते: "लक्षणं कायम असल्यास एक-दोन दिवसांनी डिफ्यूजन पुन्हा करावं." मागच्या महिन्यात अशाच एका पेशंटचं दुसऱ्या दिवशीचं चित्र पाहिलं. मेड्युलाच्या डाव्या कडेला चार मिलिमीटरचा ठिपका, एडीसीवर काळा, आणि आदल्या दिवशी त्या जागी खरोखर काहीही नव्हतं.