पोर्टलची विक्री किती धरायची: पूर्ण किंमत की नुसतं कमिशन?

समजा, ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एका ऑनलाइन पोर्टलचं ऑफिस आहे आणि तुर्भ्याला त्याचं गोदाम. पुण्याच्या कारागिरांची तांब्याची भांडी ते विकतं. खारघरच्या एका बाईंनी २,००० रुपयांचा हंडा मागवला आणि डिलिव्हरीचे ८० रुपये वेगळे भरले. पोर्टल आपलं ३०० रुपये कमिशन कापून कारागिराला १,७०० देणार आणि कुरिअरवाल्याला ६५. हे सगळे आकडे जीएसटी सोडून आहेत. तो सरकारच्या वतीने गोळा केलेला पैसा, महसुलात धरायचाच नाही.

बँकेत २,०८० रुपये आले. पण पैसे कुणाच्या खात्यात आले, यावर विक्री कुणाची हे ठरत नाही.

आधी ऑर्डरचे तुकडे पाडा. बाईंनी दोन गोष्टी घेतल्या: हंडा आणि तो घरी पोचवण्याची सेवा. पोर्टल प्रिन्सिपल, म्हणजे स्वतः विकणारं, की एजंट, म्हणजे दुसऱ्याची विक्री जुळवून देणारं, हा प्रश्न दोन्हींसाठी वेगवेगळा विचारायचा. बरेच लोक अख्ख्या कंपनीवर एकच शिक्का मारून मोकळे होतात आणि हिशेब तिथेच चुकतो.

मग प्रत्येक तुकड्यासाठी एकच विचारा: गिऱ्हाइकाला मिळण्याआधी ही गोष्ट कुणाच्या ताब्यात होती? इंड एएस ११५ या महसुलाच्या हिशेबाच्या नियमात ताबा म्हणजे त्या वस्तूचं काय करायचं हे ठरवण्याचा आणि तिचा फायदा घेण्याचा अधिकार. माल तुर्भ्याच्या गोदामात ठेवलाय, एवढ्याने तो पोर्टलच्या ताब्यात आला असं होत नाही. विकण्याच्या क्षणी मालकी कागदोपत्री पोर्टलकडे येऊन लगेच गिऱ्हाइकाकडे गेली, तरी तेवढ्याने भागत नाही.

ताबा ओळखायला कारागिराबरोबरचा करार उघडा. हंड्याला पोचा निघाला, तर बाईंना उत्तर कोण देणार? किंमत कोण ठरवतं? आणि माझ्या मते सगळ्यात बोलकं कलम: न विकलेला आणि परत आलेला माल कुणाच्या अंगावर पडतो? आपल्या उदाहरणात पडून राहिलेला माल कारागीर परत नेतो, गोदामात आग लागली तर नुकसानही त्याचंच, किंमतही तोच लावतो. म्हणजे हंड्यापुरतं पोर्टल एजंट. या तिन्ही फक्त खुणा आहेत, गुण मोजून बहुमताने निकाल लावायचा नाही. सणाला थोडी सूट देण्याची मुभा एजंटलाही असू शकते.

डिलिव्हरीचं चित्र मात्र उलटं आहे. कुरिअर पोर्टलने निवडला, ८० हा दर पोर्टलने लावला, पार्सल उशिरा पोचलं तर बाई पोर्टललाच धरणार, आणि कुरिअरवाला पोर्टलच्या सांगण्यावरून त्याच्या वतीने काम करतो. इथे पोर्टल प्रिन्सिपल. एकाच ऑर्डरमध्ये दोन उत्तरं निघाली, आणि दोन्ही बरोबर आहेत.

आता नोंद करा:

बँक नावे २,०८०
कमिशन उत्पन्न जमा ३००
डिलिव्हरी उत्पन्न जमा ८०
कारागिराचं देणं जमा १,७००

कुरिअरचे ६५ वेगळ्या खर्चात. महसूल ३८०, हातात राहिले ३१५. हंडाही स्वतःची विक्री म्हणून दाखवला असता, तर महसूल २,०८० झाला असता आणि खर्च १,७६५. नफा तोच ३१५. म्हणून ही चूक नफ्याकडे बघून सापडत नाही. महिन्याला अशा १,००० ऑर्डर असतील, तर महसूल ३ लाख ८० हजारांऐवजी २० लाख ८० हजार दिसेल, आणि बँक किंवा गुंतवणूकदार धंदा साडेपाचपट मोठा समजून बसेल.

परत येणाऱ्या मालाचंही बघा. हंडा परत आला की कमिशन सोडावं लागतं असं करारात असेल, तर आधीच्या अनुभवावरून अंदाज बांधा. १,००० पैकी ५० परत येतील असं वाटत असेल, तर ५० × ३०० म्हणजे १५,००० रुपये उत्पन्नात न घेता परतफेडीचं देणं म्हणून ठेवा.

इंड एएस साधारणपणे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना आणि २५० कोटी किंवा त्याहून जास्त नेटवर्थच्या कंपन्यांना लागू आहे. छोट्या पोर्टलला महसुलाचा एएस ९ हा नियम लागतो. त्यातही एजन्सीच्या व्यवहारात महसूल म्हणजे कमिशन, जमा झालेली पूर्ण रक्कम नव्हे.

करार बदलला की पुन्हा पहिल्यापासून तपासा. दिवाळीआधी पोर्टलने कारागिरांना शब्द दिला, की ५०० हंडे आम्ही विकतच घेतो, उरले तर आमचे; तर त्या ५०० हंड्यांपुरतं ते प्रिन्सिपल होईल. उरलेला माल साठ्यात दाखवावा लागेल, आणि त्या हंड्यांची विक्री पूर्ण २,००० ने धरावी लागेल. बाकीच्या भांड्यांसाठी ते एजंटच राहील, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये त्या हंड्यांना वेगळा कोड आजच द्या.