पॉडकास्टचा पहिला भाग: या चुका टाळा

यूएसबी माइक, लॅपटॉप, ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर आणि एकट्यानेच बोललेला २० मिनिटांचा भाग, एवढंच गृहीत धरू. यात बिघडू शकणाऱ्या बऱ्याच गोष्टी रेकॉर्डिंगच्या आधीच्या दहा मिनिटांत टाळता येतात. नंतर त्याच दुरुस्त करायला संध्याकाळ जाते, आणि काही तर दुरुस्त होतच नाहीत.

पहिली चूक अगदी साधी. माइक लावलेला असतो, पण आवाज लॅपटॉपच्याच माइकमधून रेकॉर्ड होतो. खात्री करायची तर रेकॉर्डिंग सुरू करून यूएसबी माइकच्या जाळीवर नखाने हलकं खरवडा. आवाजाची पातळी दाखवणाऱ्या पट्टीवर उसळी दिसली नाही, तर सॉफ्टवेअरमध्ये माइक चुकीचा निवडलाय. दुसरी गंमत म्हणजे बरेच कंडेन्सर माइक समोरच्या बाजूने ऐकतात, टोकाकडून नाही. अशा माइकच्या डोक्यात बोललात तर आवाज लांबून आल्यासारखा आणि बोदा येतो.

खोली घुमतेय का, हे एक टाळी वाजवून कळतं. टाळीमागे झणझणाट उरला, तर उघड्या भिंती आणि फरशी तुमच्या आवाजात मिसळणार, आणि तो घुमार नंतर धडपणे काढता येत नाही. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करून बसा, समोर गोधडी टांगा. पंखा बंद, आणि कुकरची वेळ टाळा. तोंड आणि माइक यांत मूठ आणि ताठ अंगठा एवढं अंतर ठेवा, आणि माइक तोंडाच्या किंचित बाजूला, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’चा फुंकर थेट त्यावर आदळत नाही.

आता पातळी. नेहमीच्या नव्हे, हसताना किंवा जोरात बोलताना जो आवाज निघतो त्यावर ती ठरवा. सर्वांत मोठा आवाज -१२ ते -६ डेसिबलच्या दरम्यान राहिला पाहिजे. पट्टी ० ला टेकली की लहरीची टोकं सपाट कापली जातात आणि आवाज फाटतो. हळू रेकॉर्ड झालेलं वाढवता येतं, फाटलेलं सांधता येत नाही. म्हणून आधी ३० सेकंदांची चाचणी हेडफोनवर ऐका. खरं रेकॉर्डिंग सुरू केल्यावर पहिले १० सेकंद गप्प बसा. ही शांतता पुढे लागणार आहे.

एडिटिंगमध्ये क्रम चुकतो. आधी अडखळणं आणि चुकलेली वाक्यं काढा, पण श्वास सरसकट कापू नका, बोलणं यंत्रासारखं होतं. मग ते शांत १० सेकंद निवडून Noise Reduction मध्ये Get Noise Profile दाबा. त्यानंतर सगळा ट्रॅक निवडून तोच इफेक्ट पुन्हा उघडा आणि लावा. नवखे इथे पहिल्यांदाच सगळं निवडतात, मग सॉफ्टवेअर आवाजालाच गोंगाट समजतं. घट ६ ते १२ डेसिबलपुरती ठेवा. जास्त ओढलीत तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडतो. कंप्रेसर यानंतर, कारण तो हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर कमी करतो. त्यानंतर एकूण पातळी वाढवली की उरलेला गोंगाटही वर येतो.

शेवटी Loudness Normalization. तिथे सहसा -23 LUFS आधीच भरलेलं असतं, LUFS म्हणजे कानाला एकूण किती मोठं वाटतं त्याचं माप; ते तसंच राहिलं तर बसमध्ये बसलेल्या श्रोत्याला आवाज पूर्ण वाढवूनही पुरत नाही. ॲपल पॉडकास्टची शिफारस -16 च्या आसपास आहे, म्हणून -16 टाका आणि Treat mono as dual-mono वर खूण ठेवा. त्यानंतर टोकं ० ला टेकतात का ते बघा. टेकत असतील तर टोकं ठरावीक मर्यादेखाली रोखणारा लिमिटर -१ डेसिबलवर लावा.

आता फाइल. प्रोजेक्ट जतन केल्यावर मिळते ती .aup3 फाइल, आणि ती अपलोड करून उपयोग नाही. एमपी३ म्हणून निर्यात करा, मोनो, ९६ केबीपीएस. २० मिनिटांची फाइल साधारण १४.४ एमबी होते. तीच स्टिरिओ ठेवून १९२ केबीपीएस केली तर आकार दुप्पट आणि एकट्या माणसाच्या आवाजात फायदा काहीच नाही. नंतर बदल करायचा झाला तर प्रोजेक्टमध्ये करा, एमपी३ उघडून पुन्हा एमपी३ केलीत की दर्जा दरवेळी घसरतो.

प्रकाशनासाठी होस्टिंग सेवेवर फाइल चढवता, ती आरएसएस फीड, म्हणजे ॲप वाचू शकतील अशी भागांची यादी, बनवते आणि तेच फीड स्पॉटिफाय, ॲपलसारख्या ठिकाणी एकदाच नोंदवायचं. मुखपृष्ठ चौरस हवं, प्रत्येक बाजू १४०० ते ३००० पिक्सेल, आणि नाव मोबाइलवर नखाएवढं दिसतानाही वाचता आलं पाहिजे. भाषा मराठी निवडायला विसरू नका. सुरुवातीला सिनेगीताची ओळ लावायची असेल तर थांबा. ‘३० सेकंद चालतात’ ही निव्वळ अफवा आहे, परवानगी नसलेलं गाणं काही सेकंदांचं असलं तरी भाग काढला जाऊ शकतो.

प्रकाशित झाल्यावर चूक सापडली, तर भाग पुसून नव्याने चढवू नका. त्याला नवी ओळख मिळते, फीडमध्ये तो नवा भाग ठरतो आणि ऐकण्याचे आकडे तुटतात. होस्टिंगवर त्याच भागातली फाइल बदला. ज्यांनी आधीच डाउनलोड केलाय, त्यांच्याकडे मात्र जुनीच राहील.