इतिवृत्तातून कामाची यादी काढताना: सोसायटीच्या सचिवासाठी तयारी

सोसायटीच्या समितीची सभा रविवारी सकाळी संपली की इतिवृत्त लिहायचं काम सचिवाकडे येतं. ते रीतसर लिहावंच लागतं. पुढे लेखापरीक्षक, उपनिबंधक किंवा भांडायला निघालेला एखादा सदस्य तेच उघडून बघणार असतो. पण प्लंबरला फोन कोणी करायचा आणि कधीपर्यंत, हे इतिवृत्ताच्या चार पानांतून कोणी शोधत बसत नाही. त्यासाठी वेगळी, एका पानात मावणारी यादी लागते: काय ठरलं, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत. ती काढायला बसण्याआधी आणि बसल्यावर काय काय बघून घ्यायचं, ते इथे क्रमाने लिहितो.

बसण्याआधी पाच गोष्टी टेबलावर हव्यात: सभेतली कच्ची टिपणं, त्या दिवसाची विषयपत्रिका, मागच्या सभेची यादी, सोसायटीच्या उपविधींची प्रत आणि कॅलेंडर. टिपणं नीट असली तर पक्कं इतिवृत्त होईपर्यंत थांबू नये. इतिवृत्त कायम होतं पुढच्या सभेत, म्हणजे बहुतेक ठिकाणी महिनाभराने. तोवर यादी अडवून ठेवली तर तारखा उलटून जातात. यादीच्या वर ‘इतिवृत्त कायम होण्याच्या अधीन’ एवढं लिहिलं की काम भागतं. यादी मात्र सभेच्या दुसऱ्या दिवसापर्यंत तयार हवी. त्यानंतर ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ सुरू होतं.

मग पेन्सिल घेऊन टिपणांतल्या प्रत्येक वाक्यावर खूण करायची. ठरलेल्या गोष्टीला ‘नि’, कोणी नुसती माहिती दिली असेल तर ‘मा’, आणि चर्चेला काहीच नाही. हे ऐकायला सोपं वाटतं, पण आपल्या इतिवृत्ताची भाषाच इथे अडवते. ‘यावर सविस्तर चर्चा झाली’ हा निर्णय नाही. ‘सदस्यांनी सहकार्य करावे’ हाही नाही. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात यावी’ हा निर्णय वाटतो, पण कार्यवाही कसली आणि ती करणार कोण, दोन्ही त्यात नाही. ‘पाठपुरावा करावा’चीही तीच गत. ‘नि’ची खूण पडण्याआधी एकच बघायचं: हे झालं की नाही, ते महिन्याने कोणी ‘हो’ किंवा ‘नाही’ असं सांगू शकेल का? पाठपुरावा झाला की नाही यावर वाद घालता येतो, पत्र दिलं की नाही यावर येत नाही.

एक विषय पूर्ण सोडवून बघू. समजा सभा ५ एप्रिलच्या रविवारी झाली आणि विषय क्रमांक ४ खाली असं लिहिलंय: ‘ए आणि बी विंगच्या गच्चीच्या गळतीबाबत चर्चा झाली. बी विंगच्या सदस्यांनी पाचव्या मजल्यावरील फ्लॅटमध्ये गेल्या पावसाळ्यात पाणी उतरल्याचे निदर्शनास आणून दिले. वॉटरप्रूफिंगचे काम पावसाळ्यापूर्वी होणे आवश्यक असल्याचे सर्वांचे मत पडले. त्यासाठी किमान तीन कोटेशन्स मागवून पुढील सभेत निर्णय घेण्यात यावा. सचिव व खजिनदार यांनी पाहावे. सर्वानुमते मंजूर.’

सगळ्या ओळी एकमेकींना धरून वाटतात. खुणा केल्यावर दिसतं की निर्णय एकच झालाय, तीन कोटेशन्स मागवायची. काम करायचं हे अजून ठरलेलंच नाही, ते फक्त सर्वांचं मत आहे. त्यामुळे यादीत ‘गच्चीचं वॉटरप्रूफिंग’ असं लिहू नये. उद्या कोणी यादी दाखवून ‘काम मंजूर झालंय’ असं म्हणेल आणि ठेकेदाराला आगाऊ रक्कमही देऊन बसेल. यादीत जायचं ते एवढंच: ‘ए आणि बी विंगच्या गच्चीसाठी तीन लेखी कोटेशन्स, एकाच कामाच्या तपशिलावर.’ हा शेवटचा भाग सभेत कोणी बोललेला नसतो, पण तो सभेत विचारून घ्यायला हवा. एक ठेकेदार जुना कोबा फोडून नवा घालण्याचा भाव देतो, दुसरा वरून फक्त लेप मारण्याचा, आणि मग समिती तासभर त्या आकड्यांची तुलना करत बसते. तपशील सभेत ठरला नसेल तर ‘तपशील लिहून देणे’ हेच यादीतलं पहिलं काम होतं.

आता तारखा. इथे कॅलेंडर उघडायचं आणि मागून पुढे यायचं. मुंबईत पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, म्हणून काम ३१ मेपर्यंत संपलेलं हवं. त्यात गच्चीवर पाणी साठवून ठेवून खाली उतरतं का ते बघणंही आलं, कारण ते केल्याशिवाय बिल द्यायचं नसतं. काम तीन आठवडे चालेल असं धरलं, तर ठेकेदार ८ मेच्या सुमाराला गच्चीवर हवा. त्याआधी वर्क ऑर्डर. आणि वर्क ऑर्डरच्याही आधी आणखी एक पायरी येते, जी इतिवृत्तात कुठेच नाही. दुरुस्तीवर समितीने स्वतःच्या अधिकारात किती खर्च करायचा, याला उपविधींत मर्यादा घातलेली असते आणि ती सदस्यसंख्येवर अवलंबून असते. दोन विंगची गच्ची त्या मर्यादेत बसणं कठीण. म्हणजे विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागणार, आणि आदर्श उपविधींप्रमाणे तिची नोटीस पाच पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. नोटिशीचा दिवस आणि सभेचा दिवस यात धरत नाहीत. विशेष सभा २६ एप्रिलच्या रविवारी घ्यायची तर नोटीस फार तर २० तारखेला निघायला हवी. १८ला निघाली तर जीवात जीव येईल. आणि नोटिशीबरोबर कोटेशन्सचा तुलनात्मक तक्ता जायचा असेल तर कोटेशन्स १६ एप्रिलला हातात हवीत.

इतिवृत्तात मात्र ‘पुढील सभेत’ असं लिहिलंय. पुढची समिती सभा ३ मेला. त्या दिवशी समितीने निवड केली, मग विशेष सभेची नोटीस काढली, तर काम अर्धा मे उलटून गेल्यावर सुरू होईल आणि जूनमध्ये जाईल. सगळ्यांनी ‘पावसाळ्यापूर्वी’ला हात वर केला आणि त्याच दमात तो अशक्य करून ठेवला. यादी काढताना अशा गोष्टी हमखास सापडतात.

सापडल्या तरी सचिवाने स्वतःच्या मनाने तारीख बदलू नये. यादी काढणाऱ्याला निर्णय घ्यायचा अधिकार नसतो. कोणाला चांगल्या हेतूने तो मोह झाला तर पुढे त्याच्यावरच ठपका येतो. यादीच्या तळाला ‘खुलासा हवा’ असा छोटा भाग ठेवावा आणि तिथे साध्या शब्दांत लिहावं: ‘विषय ४: काम ३१ मेपर्यंत व्हायचे तर कोटेशन्सची निवड १७ एप्रिलपर्यंत व्हायला हवी. त्यासाठी समितीची मधली सभा घ्यावी का?’ यादी बाकीच्यांना पाठवण्याआधी अध्यक्षांना फोन करावा. अध्यक्ष हो म्हणाले तर मधल्या सभेची सूचना निघते, नाही म्हणाले तर निदान कोणी नाही म्हटलं ते कळतं.

नावांकडे वळू. ‘सचिव व खजिनदार यांनी पाहावे’ याचा अर्थ दोघांपैकी कोणीच बघणार नाही असा होतो. एका कामापुढे एकच नाव, मदतीला असलेलं दुसरं नाव हवं तर कंसात. पदाऐवजी नाव लिहिलेलं बरं, कारण समितीत पदं बदलतात आणि ‘समिती सदस्य’ असे अनेक असतात. जो सभेला नव्हता त्याच्या गळ्यात काम पडलंय का, हे खास बघावं. गैरहजर माणसाला काम देणं हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे, आणि त्याला ते ग्रुपवर वाचून कळलं की त्याच संध्याकाळी समितीचा एक राजीनामा येतो. त्याला आधी फोन करून विचारायचं. तो नाही म्हणाला तर तो विषय पुन्हा ‘खुलासा हवा’मध्ये. मॅनेजर किंवा वॉचमन यांची नावं काम करणारे म्हणून चालतील, पण जबाबदार म्हणून समितीतलंच कोणी हवं.

काही तारखा आपल्या हातात नसतात. त्या यादीत वेगळ्या दिसाव्यात म्हणून त्यांच्याखाली रेघ मारायची. अग्निशमन यंत्रणा असलेल्या इमारतीत ती चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म बी’, दर जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा व्हायला हवी. अशा कामांत आपण ठरवलेली तारीख मुदतीच्या किमान पंधरा दिवस आधीची असावी. बाकीच्या, म्हणजे टाकी धुणं, दिवे बदलणं, पार्किंगच्या पट्ट्या रंगवणं अशा गोष्टींसाठी आठवड्याची अदमासे तारीख पुरे, पण ‘लवकरात लवकर’ नको.

यादीतली प्रत्येक ओळ अशी व्हावी: ‘ठराव ४, तीन लेखी कोटेशन्स, खजिनदार (सोबत बी विंगचे प्रतिनिधी), गुरुवार १६ एप्रिल.’ खजिनदारांच्या जागी त्यांचं नाव येईल. ठराव क्रमांक विसरू नये, त्यावरूनच शंका आली की मूळ नोंदीकडे जाता येतं. वारही लिहावा. १९ एप्रिल म्हटलं की कोणालाच काही वाटत नाही, रविवार म्हटलं की ठेकेदार येणार नाही हे लगेच लक्षात येतं.

पाठवण्याआधी शेवटची नजर टाकायची ती काय काढायचं यासाठी. थकबाकीदारांची नावं, एखाद्या सदस्याविरुद्धची तक्रार, वकिलाचा सल्ला हे समितीच्या यादीत राहील, पण सदस्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाणाऱ्या प्रतीत नाही. तिथे ‘थकबाकीच्या नोटिसा, खजिनदार, १५ एप्रिल’ एवढंच जावं. आणि ज्यांची नावं आहेत त्यांना ग्रुपवर टाकण्याच्या आधी एकेकट्याला पाठवून होकार घ्यावा.

पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’च्या लगेच खाली ही यादी विषय म्हणून ठेवायची. झालेल्या ओळीपुढे झाल्याची तारीख लिहायची. हुकलेल्या ओळीतली जुनी तारीख पुसायची नाही, त्यावर रेघ मारून शेजारी नवी लिहायची. एकाच ओळीवर दोन तारखा खोडलेल्या दिसल्या की तिसरी देण्याआधी समितीने ठरवायचं, माणूस बदलायचा, काम लहान करायचं, की ठराव मागे घ्यायचा. तो ठरावही मग नव्या क्रमांकाने इतिवृत्तात येतो.