सबकॉन्ट्रॅक्टर साईटवर येतच नाही? टर्मिनेशन नोटीस अशी काढा की ती उद्या आर्बिट्रेशनमध्येही टिकेल

वर्क ऑर्डर घेतली, अ‍ॅडव्हान्स घेतला आणि नंतर "साहेब सोमवारी रिग निघतेय" हे ऐकत महिना गेला, हा अनुभव साईटवर काम करणाऱ्या बहुतेकांना आहे. मग एक दिवस डोकं फिरतं आणि चार ओळींचा मेल जातो की तुमचं काम रद्द, दुसरा माणूस लावतोय. खरा त्रास इथूनच सुरू होतो. कारण काम न करणारा तो असला तरी करारातली पद्धत तुम्ही मोडलेली असते, आणि मग तोच तुमच्यावर क्लेम टाकतो.

यावर आपल्या नाशिकचीच एक केस आहे, हिंद कन्स्ट्रक्शन कॉन्ट्रॅक्टर्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सुप्रीम कोर्ट, 1979. नाशिक डाव्या कालव्यावर आळंदी नदीवरचा जलसेतू बांधायचा होता, मुदत 12 महिने, काम वेळेत झालं नाही म्हणून सरकारने करार रद्द केला. कोर्टाने ते रद्द करणं चुकीचं ठरवलं, कारण करारात मुदतवाढीचं आणि उशिराच्या दंडाचं कलम होतं, म्हणजे तारीख उलटली की लगेच करार संपला असं दोन्ही बाजूंनी धरलेलंच नव्हतं, आणि सरकारने नवी वाजवी मुदत देऊन "ही शेवटची" अशी नोटीसही दिली नव्हती. हे नीट लक्षात घ्या, कारण आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक सबकॉन्ट्रॅक्टमध्ये ही दोन्ही कलमं असतात. म्हणून टर्मिनेशनचं सगळं वजन त्याच्या आधीच्या शेवटच्या वॉर्निंगवर असतं.

एक उदाहरण धरून जाऊ. समजा तुम्ही पुलाचे मेन कॉन्ट्रॅक्टर आहात आणि पायलिंगचं 48 लाखांचं काम सबकॉन्ट्रॅक्टरला दिलंय. वर्क ऑर्डर 3 फेब्रुवारी 2025 ची. क्लॉज 5.2 प्रमाणे 15 दिवसांत म्हणजे 18 फेब्रुवारीपर्यंत एक हायड्रॉलिक रिग, ऑपरेटर, ट्रेमी पाइपचा सेट, बेंटोनाइट पंप आणि 12 माणसांची गँग साईटवर पाहिजे. 10 टक्के अ‍ॅडव्हान्स म्हणजे 4.80 लाख बँक गॅरंटीवर दिलेत. क्लॉज नंबर अर्थातच तुमच्या करारात वेगळे असतील.

पायरी 1: आधी स्वतःची बाजू तपासा

नोटीस लिहायच्या आधी फाईल काढून बघा की त्याच्या येण्यासाठी जे तुम्ही द्यायचं होतं ते दिलंय का. साईट हँडओव्हर, रिग जाईल असा रस्ता, पायल लेआउटचं मंजूर ड्रॉइंग, अ‍ॅडव्हान्स. यातलं एक जरी राहिलं असेल तर ते आधी पुरं करा आणि मुदत त्या तारखेपासून मोजा. "ड्रॉइंगच 10 मार्चला मिळालं" एवढं एक वाक्य तुमच्या तीन वॉर्निंगा पाण्यात घालू शकतं, त्यामुळे ड्रॉइंग दिल्याची पोच आणि अ‍ॅडव्हान्स ट्रान्सफरची नोंद हातात असल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायरी 2: वॉर्निंगमध्ये काय आलं नाही ते नावानिशी लिहा

"काम असमाधानकारक आहे, वेग वाढवा" या छापाची पत्रं काही कामाची नाहीत. आपल्या उदाहरणात पहिली वॉर्निंग 21 फेब्रुवारीला, त्यात सरळ लिहायचं की क्लॉज 5.2 ची मुदत 18 तारखेला संपली, आज साईटवर एकही मशीन नाही, एकही माणूस नाही. त्याचं उत्तर आलं की रिग दुसऱ्या साईटवर अडकलीय, 5 मार्चला आणतो. हे उत्तर जपून ठेवा, कारण उशिराचं कारण त्याच्याकडचं आहे हे त्याने स्वतःच लिहून दिलंय.

मग 6 मार्चला रिग आली. पण ट्रेलरवरून उतरवून ठेवली तेवढीच, ऑपरेटर नाही, ट्रेमी नाही, आणि गँगबद्दल विचारलं तर पोरं होळीला गावी गेलीत. नुसती उभी रिग दाखवून तो पुढे म्हणणार की मी तर मोबिलाइझ झालो होतो. म्हणून 7 मार्चच्या दुसऱ्या वॉर्निंगला तक्ता जोडा, एका बाजूला 5.2 मधली यादी आणि समोर प्रत्यक्षात काय आलंय, सोबत गेट रजिस्टरचं पान, लेबरचा हजेरी मस्टर आणि तारीख-वेळ दिसणारे फोटो. डिझेल रजिस्टर तर हमखास बघा, आठवडाभर रिगच्या नावावर एक लिटर डिझेल पडलं नसेल तर ती रिग चालली नाही हे सांगायला दुसरा साक्षीदार लागत नाही.

याच पत्रात अजून एक ओळ टाका: "उशिरा आलेली सामग्री साईटवर येऊ देताना 18 फेब्रुवारीपासूनच्या विलंबाची भरपाई मागण्याचा आमचा हक्क आम्ही राखून ठेवत आहोत." कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्ट 1872 च्या कलम 55 मध्ये तसा मुद्दाच आहे, वेळ जिथे अत्यावश्यक असते तिथे उशिराचं काम तुम्ही निमूट स्वीकारलं तर त्या उशिराची भरपाई मागता येत नाही, स्वीकारतानाच सांगावं लागतं.

पायरी 3: शेवटची नोटीस, आणि इथे घाई नको

आपल्या करारात समजा क्लॉज 14.1(ब) म्हणतो की मोबिलाइझ न होणं हा डिफॉल्ट आहे, 14.2 म्हणतो की दुरुस्तीसाठी 7 दिवसांची लेखी नोटीस द्यायची, आणि 14.3 म्हणतो की तरीही दुरुस्ती झाली नाही तर टर्मिनेट करता येईल. ही तीन वेगळी कलमं आहेत आणि लोक इथेच घोळ घालतात, 14.2 ची नोटीस न देता थेट 14.3 वर उडी मारतात. आधीच्या दोन वॉर्निंगमध्ये 14.2 चा उल्लेख नसेल तर त्या 14.2 च्या नोटीस धरल्या जातील यावर विसंबू नका.

17 मार्चच्या नोटीशीत लिहा: ही क्लॉज 14.2 ची नोटीस आहे, 5.2 मधल्या अमुक चार गोष्टी अजून बाकी आहेत, ही नोटीस मिळाल्यापासून 7 दिवसांत त्या सगळ्या साईटवर चालू स्थितीत हव्यात, ही मुदत आता कराराचा अत्यावश्यक भाग आहे आणि ती पाळली नाही तर 14.3 खाली करार संपवला जाईल.

मुदत वाजवी हवी. परजिल्ह्यातून रिग आणायला 2 दिवस देऊन उपयोग नाही.

दिवस मोजताना मिळाल्याचा दिवस धरू नका. 18 ला मिळाली तर 19 हा पहिला दिवस आणि 25 मार्चची रात्र ही शेवट, 25 ला दुपारी टर्मिनेशन पाठवलं तर ते मुदतीआधीचं झालं आणि सगळी मेहनत गेली. आणि या 7 दिवसांत साईट इंजिनिअरला बजावून ठेवा की व्हॉट्सअ‍ॅपवर "ठीक आहे, 30 पर्यंत आणा" असलं काही लिहायचं नाही, कारण त्या एका मेसेजने नवी मुदतवाढ दिली असं म्हणायला त्याला जागा मिळते.

पायरी 4: मुदत संपली की दुसऱ्या दिवशी सकाळी पाहणी

26 ला सकाळी साईटवर पाहणी करा, त्याच्या माणसाला आदल्या दिवशी मेल करून बोलवा, तो आला नाही तर तसं नमूद करून क्लायंटच्या किंवा कन्सल्टंटच्या इंजिनिअरची सही घ्या. रिग, तिचा नंबर, अवरमीटरचं रीडिंग, सगळं लिहा. 6 मार्चला 4312 आणि 26 मार्चलाही 4312 असा फोटो असेल तर पुढे वाद घालायला फार काही उरत नाही.

पायरी 5: टर्मिनेशनचं पत्र

हे पत्र लांबलचक लागत नाही, रागाचे शब्द तर अजिबात नकोत. "फसवणूक", "लबाडी" वगैरे लिहिलंत तर ते सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. करार इंग्रजीत असेल तर पत्र इंग्रजीतच जाऊ दे आणि करारातले शब्द जसेच्या तसे उचला. मजकूर साधारण असा:

"दि. 3 फेब्रुवारी 2025 च्या वर्क ऑर्डरच्या क्लॉज 5.2 नुसार आपण 18 फेब्रुवारीपर्यंत त्यातील सर्व सामग्री व मनुष्यबळ साईटवर आणणे आवश्यक होते. याबाबत आम्ही 21 फेब्रुवारी व 7 मार्च रोजी पत्रे दिली. त्यानंतर क्लॉज 14.2 खालील दि. 17 मार्चची नोटीस आपणास 18 मार्च रोजी मिळाली व तीतील 7 दिवसांची मुदत 25 मार्च रोजी संपली. 26 मार्चच्या पाहणीत ऑपरेटर, ट्रेमी पाइपचा सेट, बेंटोनाइट पंप व गँग उपलब्ध नसल्याचे आढळले. सबब क्लॉज 14.1(ब) मधील डिफॉल्ट कायम असल्याने आम्ही क्लॉज 14.3 नुसार हा करार हे पत्र मिळाल्याच्या तारखेपासून संपुष्टात आणत आहोत."

बघा, प्रत्येक वाक्यात एक तारीख किंवा एक कलम आहे आणि ते दाखवणारा कागद फाईलमध्ये आहे. "टर्मिनेट करण्याचा विचार आहे" किंवा "चार दिवसांत आलात तर पुन्हा बघू" असं इथे काही नको, नाहीतर ते टर्मिनेशन राहतच नाही, चौथी वॉर्निंग होते.

खाली पुढचं लिहा: रिग 7 दिवसांत हलवावी, अ‍ॅडव्हान्सचे 4.80 लाख परत करावेत, उरलेलं काम क्लॉज 14.5 प्रमाणे त्याच्या रिस्क अँड कॉस्टवर करून घेतलं जाईल. आणि "करारातील व कायद्यातील आमचे इतर सर्व हक्क अबाधित आहेत" ही ओळ.

पायरी 6: सही आणि पाठवणं

सही करारात अधिकार दिलेल्या माणसाचीच, प्रोजेक्ट मॅनेजरला तो अधिकार नसेल तर त्याची सही चालवून घेऊ नका. पत्ता करारातल्या नोटीस क्लॉजमधला, त्याचं ऑफिस हलल्याचं माहीत असेल तर नव्या पत्त्यावरही, पण जुना सोडायचा नाही. स्पीड पोस्ट, मेल, आणि जमल्यास हातपोच सही-शिक्क्यासह. पाकीट "घेण्यास नकार" शेरा लागून परत आलं तर ते न फोडता तसंच फाईलला लावा.

पायरी 7: गॅरंटी आणि नवा माणूस

बँक गॅरंटीची तारीख हे सगळं सुरू करायच्या आधीच बघून ठेवायची असते, 31 मार्चला संपत असेल तर मुदतवाढ मागा आणि मिळाली नाही तर संपण्याआधी इन्व्होक करा. गॅरंटीत ज्याने मागणी करायची लिहिलंय त्यानेच, ज्या शाखेत लिहिलंय तिथेच आणि त्यातल्याच शब्दांत मागणी करा. हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन विरुद्ध बिहार राज्य या 1999 च्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की इन्व्होकेशन गॅरंटीच्या अटींप्रमाणेच हवं.

नव्या माणसाला वर्क ऑर्डर टर्मिनेशन पोचल्यानंतरच्या तारखेचीच द्या. कोटेशन आधी मागवायला हरकत नाही, पण ऑर्डर 20 मार्चची निघाली तर 7 दिवसांची नोटीस हे नाटक होतं असं तो म्हणेल आणि ते खोडणं अवघड आहे. दोन-तीन कोटेशन घ्या आणि स्कोप तोच ठेवा, पायलचा व्यास तोच, खोली तीच. स्कोप बदलला तर जास्तीच्या खर्चातला किती त्याच्यामुळे आणि किती तुमच्या बदलामुळे हे वेगळं काढता येत नाही, आणि कलम 73 प्रमाणे नुकसान आटोक्यात ठेवायचे जे उपाय तुमच्या हातात होते ते केले का हेही बघितलं जातं. समजा उरलेलं काम 48 ऐवजी 53 लाखांत गेलं तर 5 लाखांचा फरक आणि न फिटलेला अ‍ॅडव्हान्स, हे दोन आकडे वेगवेगळे दाखवून डिमांड लेटर काढा. त्याने पैसे दिले नाहीत तर करारातल्या आर्बिट्रेशन क्लॉजप्रमाणे नोटीस द्या. वेगळं काही ठरलं नसेल तर आर्बिट्रेशन अ‍ॅक्ट 1996 च्या कलम 21 प्रमाणे ती नोटीस त्याला मिळते त्या दिवशी आर्बिट्रेशन सुरू झालं असं धरतात, म्हणून तिचीही पोच याच फाईलमध्ये लावा.